साडेनऊचा पेग आणि अडीचची जाग

लातूरच्या मोंढ्यात आडत असलेले एक गृहस्थ डिसेंबरात तपासायला आले. वय ५३, वजन ७८ किलो, रक्तदाब १४८/९४. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी आधीपासून चालू. तक्रार एकच: रात्री अडीच-तीनला जाग येते, आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मोंढ्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

अण्णांचं स्वतःचं निदान तयार होतं. सोयाबीनचा हंगाम सरत आला होता, भाव पडलेले, काही व्यापाऱ्यांकडे पैसे अडकलेले. "टेन्शनची जाग आहे डॉक्टरसाहेब. तीनला उठतो आन् हिशेब करत बसतो. बाकी झोप लागायचं म्हणाल तर तक्रारच नाही, पडलं की पाच मिनिटांत. त्याचं औषध माझ्याकडं आहे."

औषध म्हणजे जेवणाआधी दोन पेग व्हिस्की. चार-पाच वर्षांपूर्वी एका पेगवर सुरुवात झाली, पुढे एकाने झोप येईनाशी झाली म्हणून दोन झाले. आता त्यांना माझ्याकडून हवी होती ती तीनला घ्यायची गोळी. मेडिकलवाल्याने ओळखीत अल्प्राझोलमची अर्धी गोळी देऊन पाहिली होती, तिने सकाळी अकरापर्यंत डोकं जड राहायचं. दारू पोटात असताना ही गोळी घेणं म्हणजे श्वास मंदावणारी दोन औषधं एकावर एक घेणं. ती त्याच दिवशी बंद करायला सांगितली.

असे रुग्ण नवीन नाहीत. बहुतेक वेळा चिठ्ठीवर झोपेची गोळी लिहिली जाते, पेगचा विषय निघत नाही, निघाला तरी "थोडीच घेतो" यावर संपतो. अण्णांच्या बाबतीत तो पुढे गेला, कारण त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या: सोमवार आणि श्रावण.

"दोन पेग" म्हणजे किती

घरात पेगचं माप कुणी ठेवत नाही. अण्णांना मी दवाखान्यातला स्टीलचा पेला दिला, शेजारी पाण्याची बाटली ठेवली आणि म्हटलं, रोज ओतता तसं ओता. त्यांनी हात न थरथरता, अगदी सवयीने, पेल्याच्या तळाशी पाणी ओतलं आणि थांबले. ते खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजलं तर ५५ मिली निघालं. म्हणजे दोन पेग ११० मिली. हॉटेलातला छोटा पेग ३० मिलीचा असतो, त्या हिशेबाने हे जवळजवळ चार झाले. वहिनी सोबत आल्या होत्या. त्यांनी त्या पेल्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत.

आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हे प्रमाण आकारमानाचं असतं. ११० मिलीत शुद्ध अल्कोहोल सुमारे ४७ मिली, आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्यामुळे वजनात साधारण ३७ ग्रॅम. अण्णांच्या वजनाच्या माणसाचं यकृत तासाला ७ ते ८ ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. हा वेग जवळपास ठरलेला असतो. लिंबूपाणी, आंघोळ किंवा ढाराढूर झोप यांपैकी कशानेही तो वाढत नाही. ३७ ग्रॅमला पाचेक तास लागणार. अण्णा साडेनऊला पहिला घोट घेतात. साडेनऊ अधिक पाच म्हणजे अडीच.

हा आकडा जुळला म्हणून मी सावध झालो. कागदावर जुळणाऱ्या हिशेबाने निदान होत नाही. रक्तातलं प्रमाण जेवणावर, वजनावर, माणसामाणसावर बदलतं, आणि अडीचला जाग यायला इतरही कारणं असतात. पण खरोखर पेगमुळेच जाग येत असेल, तर पेगची वेळ किंवा माप बदललं की जागेची वेळही सरकायला हवी. काळजीमुळे येत असेल तर तसं होण्याचं कारण नाही.

म्हणून दोन आठवड्यांची नोंदवही ठेवायला सांगितली. पहिला घोट कधी, किती, दिवा कधी बंद, पहिली जाग कधी. घोरण्याचा रकाना वहिनींकडे दिला. घोरणाऱ्याला आपलं घोरणं माहीत नसतं आणि सांगितलं तर पटत नाही.

वही काय म्हणाली

साध्या रात्री एकासारख्या एक होत्या: साडेनऊ, साडेदहा, आणि जाग दोन वीस ते तीनच्या दरम्यान. शिकवलं ते बाकीच्या रात्रींनी.

औशाला एका लग्नाच्या निमित्ताने संध्याकाळी आठलाच बसले होते, त्या रात्री जाग आली एक वाजून दहा मिनिटांनी. दुसऱ्या एका रात्री ढाब्यावर मित्रांबरोबर पूर्ण क्वार्टर झाली, म्हणजे १८० मिली. तेव्हा जाग आली पावणेपाचला, तोंडाला कोरड, छातीत धडधड, अंगाला घाम. अण्णांनी यातून निष्कर्ष काढला होता की जास्त घेतली तर जास्त झोप लागते, आणि वहीच्या कडेला तसं लिहिलंही होतं. ही फसगत फार महत्त्वाची आहे, कारण माप वाढत जाण्याचा रस्ता इथूनच जातो. क्वार्टरमधले ६० ग्रॅम अल्कोहोल ओसरायला आठ तास लागतात, म्हणून जाग पहाटेवर ढकलली गेली. झोप वाढली नाही, तिचा मोडण्याचा भाग पुढे सरकला.

त्याच पंधरवड्यात येळवस आली. शेतात भज्जी, अंबील, आणि पांडवांची पूजा झाल्यावर मंडळी बांधाच्या पलीकडे बसली. अण्णांनी दुपारी तीनच्या सुमारास आपले दोन घेतले, रात्री घेतले नाहीत. झोप लागायला अकरा वाजून गेले, जाग साडेतीनला, पुन्हा पाचला. ते म्हणाले, "म्हणजे दुपारी घेतली तर जरा बरं पडतंय. मग सहालाच उरकतो रोज."

प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तरही आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी मध्यमवयीन पुरुषांना झोपायच्या सहा तास आधी, म्हणजे संध्याकाळी, बेताची दारू दिली होती. झोपेच्या वेळी श्वासात अल्कोहोल उरलेलं नव्हतं. तरीही त्यांच्या रात्रीच्या उत्तरार्धातला जागेपणा दुपटीच्या आसपास गेला. अल्कोहोल निघून गेलं म्हणून मेंदू लगेच पूर्वपदावर येत नाही. लवकर घेतल्याने त्रास कमी होतो, संपत नाही.

राहिले सोमवार. महादेवाचा वार म्हणून अण्णा सोमवारी शिवत नाहीत. वहीतल्या दोन्ही सोमवारी झोप लागायला बारा-साडेबारा झाले, आणि रात्रभर कूस बदलणं. अण्णांचा सगळा भरवसा या सोमवारांवर होता. "बघा, नाही घेतली की काय हाल होतात. सोमवारी निम्मी रात्र जागाच असतो."

मग श्रावणाचं विचारलं. श्रावण ते पूर्ण पाळतात, पोळ्याची कर होईपर्यंत बाटली बाहेर येत नाही. श्रावणात झोप कशी असते? अण्णांना नीट आठवेना. आठवलं ते वहिनींना. "सुरवातीचे चार-पाच दिवस चिडचिड, मध्यरात्रीपर्यंत टीव्ही. मग झोपतेत की चांगले. श्रावणात मलाच यांना उठवावं लागतंय. आन् घोरणं बी कमी."

माझ्या दृष्टीने निदानाचा निम्मा भाग इथे झाला. सोमवार म्हणजे दारू सुटल्यानंतरची पहिली रात्र. ती पहिली रात्र अण्णा दर आठवड्याला नव्याने काढत होते आणि मंगळवारी पुन्हा सुरुवात करत होते, त्यामुळे सहावी किंवा दहावी रात्र वर्षातून एकदाच वाट्याला यायची. आणि वाईट सोमवाराचा दोष ते दारू नसण्याला द्यायचे, रविवारच्या दारूला नाही.

बाकीच्या शंका

तरी इतर कारणं तपासल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. अण्णांच्या साखरेच्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. हे औषध साखर खाली आणतं, आणि दारूच्या काळात यकृत नवी साखर बनवण्याचं काम मंदावतं. दोन्ही मिळून मध्यरात्री साखर धोकादायक खाली जाऊ शकते, विशेषतः पिऊन न जेवता झोपलं तर. घाम, धडधड, जाग ही लक्षणं तंतोतंत तीच. म्हणून जाग आली की आधी बोटाला टोचून साखर पाहायची असं ठरलं. तीन रात्रींचे आकडे ११८, १३१ आणि १२४ आले. ही शंका मिटली, पण ही गोळी चालू असलेल्या आणि रोज पिणाऱ्या कुठल्याही रुग्णात ती आधी मिटवलीच पाहिजे.

प्रोस्टेटबद्दल मी एकच प्रश्न विचारतो: लघवी लागली म्हणून जाग येते, की जाग आली म्हणून लघवी आठवते? अण्णा विचार करून म्हणाले, दुसरं. धार चांगली होती, दिवसा घाई नव्हती. दारूने लघवी वाढते हे खरं. पाणी राखून ठेवायला सांगणारं जे संप्रेरक मेंदूतून सुटतं, ते अल्कोहोलने दबतं. पण तो जोर पिल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत असतो. अडीचला ते भरलेल्या मूत्राशयाच्या रूपाने सोबतीला येतं, मुख्य आरोपी ते नव्हे.

उदासीनतेचा आजार पहाटे लवकर उठवतो, त्यामुळे तेही नीट विचारलं: भूक, कामात रस, निराशा, जगणं नकोसं वाटणं. यातलं काही नव्हतं. आणि काळजीचं म्हणाल तर अण्णा मे महिन्यातही अडीचलाच उठत होते. तेव्हा ना सोयाबीन होतं ना थकबाकी. जाग आधी यायची, हिशेब नंतर सुरू व्हायचा. मध्यरात्री उठलेल्या माणसाला काळजी सापडतेच, हवी तेवढी.

मग अडीचला होतं काय

रात्रीची झोप एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाचे फेरे होतात. गाढ झोप बहुतेक सगळी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत उरकते. डोळे पापणीआड भिरभिरतात आणि स्वप्नं पडतात ती आरईएम झोप, तिला इथे स्वप्नझोप म्हणू, पहाटेकडे वाढत जाते. म्हणजे उत्तररात्र मुळातच हलकी. निरोगी माणूसही तेव्हा थोडाफार चाळवतो, फक्त त्याला आठवत नाही.

अल्कोहोल मेंदूत दोन कामं करतं. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन आहे, त्याचा असर वाढवतं. आणि चेतवणारं ग्लुटामेट आहे, त्याचा असर दाबतं. म्हणून झोप लवकर लागते आणि पहिल्या दोन-तीन तासांत गाढ झोप नेहमीपेक्षा जास्तही मिळते. इथवर अण्णांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. त्यांना "तुम्हाला वाटतं तसं काही नाही" असं सांगणं खोटं ठरलं असतं, आणि त्यांनी माझं पुढचं ऐकलंही नसतं. याच तासांत स्वप्नझोप मात्र दाबली जाते.

पण मेंदू गप्प बसत नाही. उतारावर बैलगाडी आपसूक वेग घेते तेव्हा बैल मागे रेटून अंग आखडतात, तसा मेंदू या गुंगीच्या विरुद्ध जोर लावतो: गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटची बाजू चढवतो. पाच तासांत अल्कोहोल निघून जातं. लावलेला जोर तेवढ्या लवकर उतरत नाही. आता समोर उतार नाही आणि रेटा तसाच आहे. त्या घटकेला मेंदू संध्याकाळपेक्षाही जास्त चेतलेला असतो. नाडी वाढलेली, अंग गरम, डोकं लख्ख.

हे सगळं नेमकं कधी होतं? गाढ झोपेचा साठा संपलेला असतो तेव्हा. दबलेली स्वप्नझोप त्याच वेळी उसळून यायला बघते, म्हणून पिणाऱ्यांना पहाटे भडक, धावपळीची स्वप्नं पडतात. त्यात मूत्राशय भरलेलं. अन्ननलिकेच्या तोंडाची झडप दारूने सैलावते, त्यामुळे उशिरा जेवलेलं आंबट होऊन वर येतं. एरवी यातल्या कुठल्याही एका गोष्टीने माणूस कुशीवर वळून झोपला असता. अडीचला त्या सगळ्या एकदम येतात, आणि उठवायला राखणदार म्हणून चेतलेला मेंदू बसलेलाच असतो.

यातला सर्वांत अन्यायाचा भाग म्हणजे सवय. गुंगी आणण्याच्या गुणाला मेंदू काही रात्रींतच सरावतो. उत्तररात्र मोडण्याचा दोष त्या मानाने टिकून राहतो. एका पेगने झोप येईना म्हणून दोन झाले, तेव्हा अण्णांनी पूर्वीइतकीच गुंगी मिळवण्यासाठी दुप्पट माल भरला, आणि मोडही त्याच प्रमाणात विकत घेतली.

घोरणं

वहिनींच्या रकान्यात जवळपास रोज "जोरात" होतं, आणि तीन ठिकाणी "मधेच बंद पडते, मग घुर्र करून उठते". त्यांनी मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ दाखवला. छाती हलते आहे, तोंड उघडं आहे, आणि बारा-पंधरा सेकंद आवाज नाही. मग एक मोठा फुरफुराट, अंगाला झटका, पुन्हा घोरणं. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार याहून स्पष्ट दिसत नाही.

झोपेत जिभेचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात, दारूने ते आणखी सैलावतात. जाड मानेच्या, घोरणाऱ्या माणसात घसा त्यामुळे पुरता मिटतो. शिवाय श्वास अडल्यावर मेंदूने जी हाक द्यायची तिलाही उशीर होतो, म्हणून प्रत्येक अडखळ लांबते आणि रक्तातला प्राणवायू जास्त खाली जातो. अण्णांच्या कॉलरचं माप ४२ सेंटिमीटर होतं. पुरुषांत चाळीस सेंटिमीटरपुढची मान संशय घ्यायला पुरेशी.

बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा अशी घरी करायची तपासणी असते. ती नेहमीच्या पेगच्या रात्री केली. तासाला सरासरी १९ वेळा श्वास अडखळत होता, प्राणवायू एका क्षणी ८१ टक्क्यांवर गेला होता, झोपेतली सरासरी नाडी ८२. तासाला ५ पर्यंत ठीक, १५ च्या वर मध्यम आजार. दुसरी तपासणी दारू थांबवल्यावर करायची ठरवली. सोमवारी केली असती तर ती पहिल्या कोरड्या रात्रीची तपासणी झाली असती.

थांबवणं

थांबवायला सांगण्याआधी एक गोष्ट पाहावीच लागते: एकदम थांबवणं या माणसाला झेपेल का? सकाळी हात कापतात का, उठल्या उठल्या घ्यावीशी वाटते का, याआधी सोडल्यावर झटका किंवा भ्रम झाला होता का. रोज क्वार्टरच्या पुढे पिणाऱ्या, सकाळी एक घोट घेतल्याशिवाय हात स्थिर न होणाऱ्या माणसाने घरच्या घरी अचानक सोडणं धोक्याचं असतं. झटके साधारण पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. त्याला दवाखान्यात ठेवून, औषधांच्या आधाराने, बी-वन जीवनसत्त्व देऊन उतरवावं लागतं. त्याची झोपही दहा दिवसांत सुधारत नाही, महिने लागतात, आणि झोप नाही म्हणून पुन्हा बाटलीकडे वळणारे बरेच असतात. या लेखातलं पुढचं वेळापत्रक अशांसाठी नाही.

अण्णांना हे लागू नव्हतं. वर्षानुवर्षं श्रावण आणि दर सोमवार, कधी हात कापले नव्हते. म्हणून तीन आठवडे पूर्ण बंद असं ठरलं. पण त्यांना आधीच सांगितलं, की पहिल्या पाच-सहा रात्री वाईट जातील. झोप उशिरा लागेल, स्वप्नं जास्त पडतील. ही बरं होण्याची वाट आहे असं माहीत नसेल तर माणूस तिसऱ्या रात्री पुन्हा कपाट उघडतो.

बाकी नियम चार ओळींत मावतील एवढे. उठणं रोज साडेपाचला, रात्र कशीही जावो. अंथरुणावर अकराच्या आत जायचं नाही, आणि पडून झोप येत नसेल तर उठून पुढच्या खोलीत बसायचं, झोप आली की परत यायचं. चहा दुपारी चारनंतर बंद. जेवण साडेआठपर्यंत, कारण आधी पेगमुळेच ते उशिरावर गेलेलं होतं. गोळी कुठलीही नाही.

पहिल्या चार रात्री वहीत साडेबारा, एक, साडेबारा, बारा अशा झोप लागायच्या वेळा आहेत. तिसऱ्या रात्रीपुढे लिहिलं आहे: "तुरीचा ट्रक नदीत गेला, मी पोत्यावर." पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, श्रावणात तरी देवाचं म्हणून निभतंय. हे कुणाच्या नावानं करू?" मी म्हटलं, अण्णा, दोन रात्री थांबा, मग बोलू. सातव्या रात्री साडेअकराला झोप लागली आणि जाग चारला. दहाव्या रात्रीनंतर अकरा ते पाच अशी झोप, मध्ये एकदा लघवीला उठणं आणि पुन्हा लागणं. अण्णांना नवल वाटलं ते या "पुन्हा लागण्याचं". झोपेत जाग येणं आजार नाही, परत न लागणं हा त्रास असतो, हे त्यांनी स्वतः ओळखलं.

तिसऱ्या आठवड्यात तपासणी पुन्हा केली. अडखळ तासाला ११, सर्वांत खालचा प्राणवायू ८८ टक्के, नाडी ७१. दोन रात्रींवरून ठाम काही सांगता येत नाही, कारण हे आकडे एकाच माणसात रात्रीगणिक बदलतात. पण दिशा वहिनींच्या रकान्याशी जुळत होती. रक्तदाब १३४/८६ वर आला होता, गोळी तीच असताना. घोरण्याचा आजार दारूने निर्माण केला नव्हता, चढवला होता. तो उरला आहे आणि त्याला वजन हाच पहिला उपाय.

सहा महिन्यांनी अण्णा आले तेव्हा पूर्ण बंद नव्हती, आणि मी तशी अपेक्षाही धरली नव्हती. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, जेवणाबरोबर, आणि मापाच्या पेल्याने ६० मिली. त्या रात्री जाग एक-दीडला येते आणि अर्ध्या तासात पुन्हा लागते, असं वही सांगते. "आता जाग आली तर कळतंय कुणाची आहे ते," एवढंच त्यांचं म्हणणं. वजन ७५ झालं आहे. ७२ वर आलं की श्वासाची तपासणी पुन्हा करायची. तोवर घेतलेल्या रात्री उताणं झोपायचं नाही, अशी अट वहिनींनी घातली आहे, आणि शर्टाच्या पाठीला चेंडू शिवून ती अमलातही आणली आहे.